बारक्याची अडलेली ऑर्डर

ऑफिसात नवी सिस्टीम आली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या तात्यांनी वाजवल्या होत्या. "बरं झालं! उधारी थकवणाऱ्यांना आता परस्पर चाप बसेल," असंही वर म्हणाले होते. टाळ्या वाजवताना आपलं माणूस कुठं आठवतं!

कंपनी नळ आणि पाइपांची घाऊक विक्री करायची आणि तात्या तिचे सगळ्यात जुने सेल्समन. सिस्टीमचा नियम अगदी सोपा होता. प्रत्येक दुकानदाराला उधारीची मर्यादा ठरवून दिलेली. बाकी तिच्यावर गेली की नवी ऑर्डर तिथंच अडायची, गोदामापर्यंत पोचायचीच नाही. बाकी मर्यादेत आली की आपली आपण सुटायची. पूर्वी तात्यांनी "पाठव रे, मी बघतो" म्हटलं की टेम्पो निघायचा. आता त्या "मी बघतो"ला कुणी विचारत नव्हतं.

आणि पहिल्याच आठवड्यात अडलेल्या ऑर्डरींत सगळ्यात वर नाव कुणाचं? बारक्याचं!

हा बारक्या म्हणजे तात्यांचा शाळेपासूनचा दोस्त. तेव्हा काडीपैलवान होता म्हणून बारक्या. आता स्वतःच्या दुकानाच्या काउंटरमागं शिरताना त्याला श्वास रोखून धरावा लागतो, पण नाव काही सुटलं नाही.

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तडक उधारी सांभाळणाऱ्या बाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"मॅडम, बारक्याचा माल सोडा."

"तात्या, बाकी मर्यादेच्या वर गेलीय. मला सोडता येत नाही. साहेबांची मंजुरी लागेल आणि ते कारण विचारतील."

"कारण काय कारण! तीस वर्षांत एक पैसा बुडवला नाही त्यानं. मर्यादा वाढवा मग."

"वाढवू की. पण मला एक सांगा," बाईंनी खुर्ची सरकवून त्यांना बसायला दिली, "वर्षभरात त्यांनी आपल्याकडून फक्त भारी नळ घेतलेत. साधा वायसर नाही, पाइपाचा सांधा नाही. असं कुठलं दुकान चालतं? एकदा गोदाम बघून या ना त्यांचं. विकला जात असेल माल, तर मी स्वतः साहेबांकडे येते तुमच्याबरोबर."

बाईंचं बोलणं मऊ होतं, म्हणून तर तात्यांना जास्त झोंबलं. काल आलेली पोर आपल्याला बारक्याचं दुकान शिकवणार? त्यांची खरी धास्ती मात्र वेगळीच होती. निवृत्तीचं वर्ष. ही एक ऑर्डर गेली की वर्षाचं टार्गेट पुरं आणि त्यावरचं बक्षीस हातात. त्या पैशातून स्वयंपाकघर नवं करून देतो, असं त्यांनी बायकोला छातीठोक सांगून ठेवलं होतं. तिनं तर ओट्याचा दगडही पसंत केला होता.

तात्या दुकानात पोचले तेव्हा बारक्या बँकेत गेला होता. काउंटरवर वहिनी होत्या.

"वहिनी, जरा गोदाम बघायचंय. ऑफिसच्या लोकांना शंका आलीय, त्यांचं तोंड बंद करतो."

 वहिनींनी किल्ली घेतली आणि मागचं दार उघडलं.

आत जमिनीपासून छपरापर्यंत खोकीच खोकी. सगळी तात्यांच्या कंपनीची, सगळी भारीतल्या भारी नळांची, एकाचीही चिकटपट्टी निघालेली नाही. काहींवर इतकी धूळ, की बोटानं नाव लिहावं. वाट सोडायलाही जागा नव्हती.

"जिन्याखाली आहेत अजून," वहिनी म्हणाल्या. "आणि आमच्या पलंगाखाली. झोपले की पाठीला नळ टोचतायत असं वाटतं मला!"

"पण मग... मागवतो कशाला हा?"

"तुमच्यासाठी, भाऊजी. दुसरं कशासाठी? तुम्ही इथं बसून चहा पिता, म्हणता, यंदा टार्गेट जड जाणार बुवा. हे लगेच म्हणतात, लिही दहा खोकी. मी म्हणते, अहो, आपल्या गल्लीत कोण लावणार हे नळ? तर म्हणतात, तात्याला नाही कसं म्हणू? भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ती आमच्या घरातच राहायला आलीय."

तात्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. बारक्याचे पैसे का अडकले ते आता लख्ख दिसत होतं. इतकी वर्षं ते काउंटरच्या अलीकडे बसून चहा प्यायले आणि चार पावलं पलीकडे कधी डोकावले नाहीत. लाज वाटली त्यांना, आणि त्याहून जास्त भरून आलं. एवढा वेडा मित्र कुणाला मिळतो?

तेवढ्यात बारक्या आला. उघडं दार पाहून दचकला आणि लगेच बायकोवर डाफरला, "तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?"

"तिच्यावर कशाला ओरडतोस, गाढवा?" तात्या गरजले. "हा सगळा माल परत जातोय. न उघडलेली खोकी कंपनी घेते."

"येडा झालास? परत गेलेला माल तुझ्या विक्रीतून वजा होईल. टार्गेट बोंबलेल तुझं. आणि वहिनींचा ओटा?"

"तिला मी सांगतो."

"काय सांगशील?"

"सांगीन, की बारक्याला नळांवर झोपवून तुझा ओटा नाही बांधायचा मला."

दोघं खूप भांडले, अगदी शाळेत भांडायचे तसे. शेवटी खोकी उचलायला बारक्याच पुढं झाला, कारण तात्यांची कंबर धड नव्हती आणि तो ते जाणून होता.

घरी तात्यांनी बायकोला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "जुना ओटा काय मला चावतोय?" पण दगडाचा नमुना उचलून कपाटात ठेवताना तिनं तो एकदा पदरानं पुसला, ते तात्यांनी पाहिलं.

कंपनीच्या गोदामानं खोकी तपासून घेतली, तेवढी रक्कम बारक्याच्या बाकीतून वजा झाली आणि त्याचं खातं मर्यादेच्या पुष्कळ खाली आलं. तात्या सुस्कारा टाकून चहा घेत होते, तोच गोदामातून निरोप आला, "तात्या, तुमच्या बारक्यांची ऑर्डर सुटली बरं का. टेम्पो गेलासुद्धा!"

तात्यांनी कप तसाच टेबलावर ठेवला. अरे देवा! अडलेली ऑर्डर रद्द करायची राहूनच गेली होती. बाकी खाली येताच सिस्टीमनं इमानेइतबारे ती सोडली होती. म्हणजे काढलेले नळ परत बारक्याच्या पलंगाखाली! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तात्या रिक्षा करून दुकानाकडे धावले.

टेम्पो दारात उभा होता आणि बारक्या माल उतरवून घेत होता.

"थांब! उतरवू नकोस! चुकून सुटलीय ती!"

"चुकून कशी?" बारक्या म्हणाला. "काल मीच तुमच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ऑर्डर अडलेली आहे तोवर त्यातला माल बदलता येतो. मग बदलला."

तात्यांनी एक खोकं उघडलं. वायसर. दुसऱ्यात पाइपाचे सांधे. तिसऱ्यात साधे प्लास्टिकचे नळ, गल्लीतल्या प्रत्येक घरात असतात ते. रक्कम म्हणाल तर फारच थोडी.

"हे तू कुठून घ्यायचास आजवर?"

"नाक्यावरच्याकडून. रोखीनं." बारक्या खाली बघत म्हणाला. "यात तुला काय मिळणार, म्हणून तुझ्याकडे कधी मागितलं नाही."

 तात्यांनी बाह्या सरसावल्या आणि वायसरचं खोकं उचललं.

"ठेव ते, कंबर जाईल," बारक्या ओरडला.

"गप रे," तात्या म्हणाले. "वायसरला काय वजन असतं?" आणि खोकं घेऊन ते काउंटरच्या पलीकडे गेले.