पाच ऑक्टोबरचे निम्मे

कोलकात्यात गडियाहाटला माझं ट्रॅव्हल्सचं दुकान आहे. दुर्गापूजेच्या तोंडावर आधीच डोकं भणभणतं, त्यात शीर्षेंदू समाद्दारचा रोज फोन. त्याचे वडील इस्पितळात, आणि वीस ऑक्टोबरपासून पुरीच्या हॉटेलात घरच्या सगळ्यांचं बुकिंग. चोवीस हजार आगाऊ भरलेले. हॉटेलच्या नियमांचा स्क्रीनशॉट त्यानंच पाठवला, आणि मी हिशेब लिहून दिला: वीस सप्टेंबरपर्यंत रद्द केलं तर एकवीस हजार सहाशे परत, पाच ऑक्टोबरपर्यंत बारा हजार, तेरापर्यंत सहा हजार, पुढे शून्य.

पहिली तारीख त्यानं घालवली. आज पाच.

"करू का रद्द?" मी वैतागून विचारलं.

"दादा, बाबा उठणार नाहीत, हे मीच कबूल करू?"

"मग मला हिशेब कशाला करायला लावलास?" मी फोन आपटला.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून थकलेला आवाज आला. "मी शीर्षेंदूचा बाप. पोरगा उशाशी बसून तुमचा हिशेब पुटपुटत वाचतो. त्याला वाटतं, मी झोपलोय. बुकिंग माझ्या नावावर आहे. रद्द करा. उद्या सहाच हजार मिळतील."

"काकाबाबू, त्याला काय सांगू?"

"सांगा, बाबांनी त्याच हॉटेलचं जानेवारीचं भाडं विचारलंय."

"बरं, तसं सांगतो," म्हणत मी फोन ठेवायला लागलो.

"अहो, खरंच विचारतोय. किती आहे?"