हनुवटीची हद्द

"चेहरा झाकून ठेवा. नाव सांगू नका, गाव सांगू नका. नुसती मान दाखवा, बाईचं वय सांगते. आजवर एकदाही चुकले नाही!"

नाशिक रोडच्या आपल्या पार्लरमध्ये मंजुषा हे वाक्य रोज एकदा तरी म्हणायची. त्या दिवशी ते ऐकायला समोर लंकाबाई होती. देवळ्याची, लग्नासाठी नाशिकला मुक्कामाला आलेली. नातीच्या, म्हणजे पूजाच्या लग्नाचा मेकअप कसा दिसणार ते बघायला स्कूटीवर मागे बसून आलेली. पूजा आत ब्लाऊज बदलत होती आणि म्हातारीला खुर्चीत नुसतं बसून कंटाळा आला होता.

"माझं सांग मंग," लंकाबाई म्हणाली. डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती गच्च गुंडाळलेला पदर तिने सोडला आणि तोंडावर ओढून घेतला.

मंजुषाने चष्मा लावला. मान उजवीकडून पाहिली, डावीकडून पाहिली. मऊ, एकसारख्या रंगाची, डाग नाही की चट्टा नाही.

"पन्नास. एखादं इकडे-तिकडे."

पदराच्या आतून खुदखुद ऐकू आलं. "माझा थोरला बावन्नचा हाय गं बाय."

पदर खाली आला. चेहरा कांद्याच्या शेतात उभा जन्म घालवलेल्या बाईचा होता, सुरकुत्यांनी भरलेला, रापलेला. मान मात्र कुणा दुसरीचीच वाटावी अशी.

"आजी, मानेला काय लावता?"

"काय लावणार? पदर!"

मंजुषा हसली खरी, पण तिला ते आवडलं नाही. कारण मान हा तिचा खास विषय होता. गेलं वर्षभर ती 'ग्रीवा' नावाचं मानेचं आणि छातीचं क्रीम विकत होती. पार्लरच्या भिंतीवर त्याचं पोस्टर होतं: एका बाजूला 'आधी', सुरकुतलेली, डागाळलेली मान; दुसऱ्या बाजूला 'नंतर', लोण्यासारखी. हे क्रीम तिला आणून द्यायची सायली, तिची पाचवीपासूनची मैत्रीण. एका बाकावर बसून, एका डब्यातली भाजी खाऊन मोठ्या झालेल्या दोघी. सायलीने सांगितलं होतं, "मंजे, मानेची कातडी वेगळीच असते. तोंडाचं तोंडाला, मानेचं मानेला. हनुवटी ही हद्द. तोंडाची वस्तू त्याच्या खाली उतरवायची नाही."

आणि मंजुषाने ते गिऱ्हाइकांना वेदवाक्य असल्यासारखं ऐकवलं होतं. पोस्टरवरच्या 'आधी'कडे बोट दाखवून ती म्हणायची, "बघा, साठीची बाई आहे. कधी काळजीच घेतली नाही बिचारीने."

लंकाबाई त्या पोस्टरजवळ जाऊन उभी राहिली. एकदा पोस्टरकडे, एकदा मंजुषाकडे बघून म्हणाली, "ही तुझी बहीण काय?"

"छे हो! मॉडेल आहे ती."

"असंल बाई. मला आपलं वाटलं."

तेवढ्यात पूजा बाहेर आली. लग्नाचा ब्लाऊज, पुढून खोल गळ्याचा. पूजा आरशासमोर उभी राहिली आणि तिघींनी आरशात पाहिलं.

चेहरा गोरा, नितळ. आणि त्याच्या खाली, रोजच्या कुर्त्याच्या गळ्याच्या आकाराचा, तांबूस तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा त्रिकोण. दुसऱ्या कुणाचं तरी डोकं आणून बसवल्यासारखं.

"काकू," पूजा हळू आवाजात म्हणाली, "ग्रीवा मी रोज लावते. सकाळी पण, रात्री पण. तुम्ही सांगितलं तसंच."

"आणि सनस्क्रीन?"

"तोंडाला. भरपूर. मग वरून स्कार्फ."

पूजा रोज भर उन्हात स्कूटीवर शहरातल्या द्वारका चौकात नोकरीला जायची. नाशिकच्या सगळ्या पोरींसारखी तोंड बांधून, डोळे तेवढे उघडे. म्हणजे जिथे सनस्क्रीन होतं तिथे ऊन पोचतच नव्हतं, आणि जिथे ऊन पोचत होतं तिथे नुसतं ग्रीवा.

"आधी मी सनस्क्रीन खालपर्यंत फासायची," पूजा म्हणाली. "तुम्हीच थांबवलंत. हनुवटी ही हद्द, म्हणालात."

मंजुषाने तिची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली. खाली, जिथे हनुवटीची सावली पडते तेवढी जागा अगदी स्वच्छ होती. तीच मुलगी, तीच कातडी, तेच क्रीम. सावली होती तिथे काही नाही, ऊन होतं तिथे सगळं. लंकाबाईची मान तिच्या डोळ्यांसमोर आली. पदर!

"आठ दिवसांवर लग्न आहे. जाईल ना?" पूजाने विचारलं.

मंजुषाने ग्रीवाची बाटली उलटसुलट फिरवली. सुगंध लिहिला होता, मोत्याचा अर्क लिहिला होता. सनस्क्रीनचं नाव नव्हतं. तिने ती बाटली आजवर दुकानात मांडली होती, विकली होती, पुसली होती. वाचली कधीच नव्हती. सायलीने आणलेली वस्तू वाचायची कशाला?

"बघते मी," ती म्हणाली. "काहीतरी गैरसमज झालाय. सायलीला विचारते. ती असं करणार नाही."

सायलीचा फ्लॅटही द्वारका चौकातच, मुख्य रस्त्याच्या मागे. दार उघडंच होतं. मंजुषा "सायले!" म्हणत थेट आत गेली, जशी ती नेहमी जायची.

सायली बाहेर निघण्याच्या तयारीत आरशासमोर बसली होती. हातात तोंडाचं क्रीम, सनस्क्रीनवालं, मेडिकलमध्ये मिळतं ते साधं. दोन बोटं भरून तिने ते गालांना लावलं, मग आणखी दोन बोटं भरून हनुवटीच्या खाली, गळ्यावर, मानेच्या बाजूंना, थेट छातीपर्यंत. हद्द ओलांडून! पायाशी ग्रीवाची बाटली होती. एका टाचेला ते लावून झालं होतं, दुसरी बाकी असावी.

"हे काय करतेस?"

सायली दचकली. मग हसली. "अगं ये ना! टाचा फुटल्यात बघ किती. ग्रीवा एकदम मस्त आहे टाचांना."

"आणि मानेला?"

"मानेला हेच की. तोंडाचंच." आणि मग तिला बहुतेक आठवलं की आपण कुणाशी बोलतोय. "म्हणजे... माझी स्किन वेगळी आहे, मंजे."

"तुझी वेगळी? आणि अख्ख्या नाशिक रोडची सारखी?"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत! मानेची कातडी वेगळी असते असं तूच सांगितलंस ना?"

"ते खरंच आहे. पातळ असते जरा, तेल कमी सुटतं, रात्रीची ती जहाल क्रीमं चुरचुरतात तिथे. म्हणून जपून लावायचं. पण त्यासाठी वेगळी बाटली कशाला लागते? मऊ ठेवणारं साधं क्रीम आणि सनस्क्रीन, बास. मान खराब करतं ते मुख्य म्हणजे ऊनच. ग्रीवा काही वाईट नाहीये गं, मऊ करतं. उन्हाला अडवत नाही इतकंच."

"इतकंच?"

"हो मग. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही."

मंजुषा पलंगावर बसली. "त्या पोरीचं लग्न आहे, सायले. माझ्या शब्दावर तिने लावायचं थांबवलं. मी तुझ्या शब्दावर सांगितलं. तू तुझ्या स्वतःच्या शब्दावर तरी होतीस का?"

"धंदा आहे, मंजे. तूही करतेस की. मान बघून वय सांगतेस, ते काय शास्त्र आहे?"

मंजुषा उठायला लागली तशी तिचा पाय एका लांबलचक गुंडाळीला अडकला. गुंडाळी घरंगळत उलगडली. फ्लेक्स होता. ग्रीवाचाच, पण भिंतीएवढा. 'आधी'ची मान फरशीवर पसरली, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

एवढी मोठी केल्यावर सगळंच दिसत होतं. कानाखाली करवंदाएवढा जुना, चकचकीत चट्टा होता.

असा चट्टा मंजुषाने पाहिला होता. रोज पाहायची. पार्लर उघडलं त्या वर्षी हेअर स्ट्रेटनर तिच्या मानेला टेकला होता, तो चटका. फक्त तिने तो कायम आरशात पाहिला होता, दुसऱ्या बाजूला. आरशासमोर आयुष्य काढलेल्या बाईला स्वतःची मान सरळ कशी दिसते तेच ठाऊक नव्हतं.

"सायले. ही मी आहे?"

सायलीने दुसऱ्या टाचेला क्रीम लावायला घेतलं.

"त्र्यंबकला गेलो होतो तेव्हाचा फोटो," ती अखेर म्हणाली. "तू खाली मोबाइलमध्ये बघत होतीस. खाली बघितलं की कुणाच्याही मानेला वळ्या पडतात गं, मनाला लावून घेऊ नकोस. थोडा काळपट केलाय कंपनीवाल्यांनी."

"आणि 'नंतर' कोण?"

"मी. मान वर करून."

"वर्षभर मी माझ्याच मानेकडे बोट दाखवून साठीची बाई म्हणतेय."

"तेच तर! मला सांगायलाच जड गेलं. तूच इतक्या आत्मविश्वासाने साठी म्हणायचीस."

मंजुषा रिक्षाने परतली. पोस्टर उतरवलं, उरलेल्या बाटल्या खोक्यात भरल्या आणि पूजाच्या घरी गेली. सगळं सांगितलं, स्वतःचा मूर्खपणासुद्धा. तोंडाचं सनस्क्रीन खाली छातीपर्यंत लाव म्हणाली, उन्हात जास्त वेळ असलीस तर परत लाव, पण आठ दिवसांत डाग जाणार नाहीत हेही म्हणाली. डॉक्टरांना दाखव, म्हणाली.

पूजाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काकू, तुम्ही वाईट नाही," ती म्हणाली. "पण मेकअप मी दुसरीकडे करते. तुम्ही जे सांगाल त्यावर आता विश्वास बसायला वेळ लागेल."

दारापर्यंत सोडायला लंकाबाई आली. तिने पदर गळ्याभोवती नीट गुंडाळला आणि म्हणाली, "मी तवाच म्हनलं व्हतं, तुझी बहीण हाय."

लग्न झालं. पूजाने बंद गळ्याचा ब्लाऊज शिवून घेतला. मंजुषा रोज सकाळी तोंडाचं सनस्क्रीन मानेला आणि छातीला लावू लागली, आणि मान बघून वय सांगणं तिने बंद केलं. सायलीचे फोन येत राहिले. तिने ते उचलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात तो फ्लेक्स पार्लरच्या समोरच्या इमारतीवर लागला. शुक्रवारी वावटळ आली आणि तो मधोमध फाटला. उडून गेला तो 'नंतर'चा भाग.