होडी नसलेल्यांची मासळी

मासळी विकणाऱ्या बायकांसाठी शासनाने शीतपेटी योजना काढली. निर्णयाच्या पहिल्या परिच्छेदात उद्देश होता: विक्रेत्या महिलांची मासळी ताजी राहावी, नासाडी थांबावी. चौथ्या अटीत होतं, पेटी फक्त त्या बाईला जिच्या घरात नोंदणीकृत होडी आहे. दोन्ही एकाच साहेबाने लिहिलं असेल, तर मधे जेवणाची सुट्टी झाली असावी.

मालाडच्या बाजारात कृष्णाबाई आणि शेवंती शेजारी-शेजारी बसतात. शेवंतीच्या नवऱ्याची होडी आहे, तिला पेटी मिळाली. कृष्णाबाईचा नवरा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता, तो वारला. ती धक्क्यावरच्या लिलावात माल घेते आणि दुपार टळली की उरलेला पडेल त्या भावाला देऊन टाकते. तिचं घर या बाजारावर चालतं, आणि बाजार बर्फावर.

म्हणून ती रेवती वकिलीणबाईंकडे गेली. रेवतीने उच्च न्यायालयात रिट याचिका टाकली. मागणीचा परिच्छेद तिने आपल्याच एका जिंकलेल्या टेंडरच्या केसमधून उचलला होता: ‘सदर शासन निर्णय रद्द करावा.’ जिंकलेल्या मजकुरावर वकिलांची फार श्रद्धा असते.

ही बातमी बाजारात पोचली तशी शेवंतीने आपली पाटी दोन हात लांब सरकवली.

“माझी पेटी काढून घेतंस होय गो? तुला नाय तर मलापण नको?”

कृष्णाबाई तशीच, मासळीच्या हातांनी, रेवतीच्या ऑफिसात शिरली.

“बाय, शेवंतीची पेटी घालवायला सांगितलं होतं मी?”

“मावशी, अन्याय्य निर्णय रद्द करतात...”

“रद्द झाल्यावर मना काय मिळेल?”

रेवतीने विचार केला. कायद्याच्या दृष्टीने उत्तर ‘समानता’ असं होतं. म्हणजे कोणालाच पेटी नाही आणि सगळ्यांचे पापलेट सारखेच मऊ.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “आपण फक्त चौथी अट काढायला सांगू. बाकी योजना उभी राहू दे.” तिने न्यायालयाची परवानगी घेऊन मागणी दुरुस्त केली.

सुनावणीच्या दिवशी सरकारी वकील देवव्रत यांनी रेवतीला व्हरांड्यात गाठलं. “मॅडम, खास बाब म्हणून तुमच्या मावशींना एक पेटी देऊ. याचिका मागे घ्या, विषय संपला.”

रेवतीने कृष्णाबाईला सगळं नीट सांगितलं: आज हरलो, तर ही एक पेटीपण जाईल.

कृष्णाबाईने मनात हिशेब केला. ती पेटी घेतली असती तर संध्याकाळी उरलेला हलवा मासासुद्धा चांगल्या भावाने विकला गेला असता.

“आणि बाकीच्या बायका? आमच्या रांगेत अर्ध्या बिनहोडीच्या हायेत. मी पेटी घेऊन त्यांच्यात बसू कशी? नको. चल आत.”

आत दोन न्यायमूर्तींसमोर देवव्रत म्हणाले, “लाभार्थ्यांचे गट पाडायला संविधान मनाई करत नाही.”

“नाहीच करत,” रेवती म्हणाली. “होडी आहे की नाही, हा फरक कोणालाही दिसतो. फरक स्पष्ट हवा, या पहिल्या कसोटीत सरकार पास. दुसरी अशी की त्या फरकाचा योजनेच्या उद्देशाशी तर्कसंगत संबंध हवा. उद्देश आहे विक्रेतीची मासळी टिकवणं. होडी बर्फ घेऊनच समुद्रात जाते, होडीवाल्याच्या घरात बर्फाची सोय आधीच असते. लिलावातून घेणारीकडे नसते. म्हणजे पेटी जिथे कमी लागते तिथे गेली, जिथे जास्त लागते तिथे अडली.”

“निधी मर्यादित आहे,” देवव्रत म्हणाले. “शिवाय मच्छीमारी व्यवसायाला उत्तेजन देणं हाही हेतू आहे.”

“निर्णयात कुठे आहे हे?” एका न्यायमूर्तींनी विचारलं.

“आमच्या प्रतिज्ञापत्रात आहे.”

“म्हणजे अट आधी सुचली आणि कारण नंतर?” न्यायमूर्तींनी पान उलटलं. “निर्णय त्याच्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जाईल. निधी कमी असेल तर प्राधान्य ठरवा, पण निकष उद्देशाशी जुळणारा ठेवा.”

आदेश झाला: चौथी अट संविधानातल्या समानतेच्या कलम चौदाचा भंग करते म्हणून रद्द, बाकी योजना कायम, होडी नसलेल्या विक्रेत्या महिलांचे अर्ज इतरांसारखेच विचारात घ्यावेत.

बाहेर देवव्रत म्हणाले, “शासन दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतं हं.”

“जाव दे,” कृष्णाबाई म्हणाली. “आमी पण येतो.” मग रेवतीकडे वळून, “बाय, आदेशात नुसतं माझं नाव हाय की सगळ्या आल्या?”

“सगळ्या.”

कृष्णाबाईने तिथेच पायरीवर बसून फोन लावला. पहिला शेवंतीला.

“गो, तुझी पेटी हाय तिथेच हाय. आता सरक परत इकडे. आणि बाकीच्यांना हाक मार, उद्या सगळ्या मिळून मासळी खात्यात अर्ज द्यायला जायचंय. तूपण यायचंस. पेटीत मासळी किती टिकते ते साहेबाला तूच सांग.”