रोलर थांबेपर्यंत

मामाने भाचीची दोन चित्रं परस्पर काढून टाकली होती आणि हे तिला कळलं ते ऐन चाचणीत, कारखान्याच्या ट्रेनिंग रूममध्ये.

फिल्म होती रोलरमध्ये अडकलेलं कापड काढण्याची, आणि ती बनवत होता मामाचा स्टुडिओ. शब्द एकही नाही, कारण इथले कामगार चार भाषा बोलणारे. म्हणून आधी कच्ची चित्रं एकेक करून दाखवायची आणि समोरच्याला काय समजलं ते त्याने करून दाखवायचं. मध्ये कोणी चकार शब्द काढायचा नाही.

पॅकिंगमधल्या बाईंनी चित्रं पाहिली. हवेतच मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, रोलरवरची जाळी उघडली आणि झटकन हात आत घातला.

स्विच बंद केल्यावरही रोलर काही वेळ आधीच्या वेगानेच गरगरत राहतो. तेच तर भाचीने त्या दोन चित्रांत काढलं होतं.

"मामा, मधली चित्रं कुठे गेली?"

"अगं, साहेबांना अर्ध्या मिनिटाची फिल्म हवीय," मामा पुटपुटला. "त्यात काहीच घडत नव्हतं. माणूस नुसता उभा."

"उभं राहणं हेच तर घडतंय!" तिचा आवाज चढला. "एका चित्रात स्विच, पुढच्यात हात. म्हणजे मशीन लगेच थांबलं, असंच दिसणार ना? खोटं सांगतोय आपण."

साहेब, म्हणजे कारखान्याचे सेफ्टी मॅनेजर, हसले. "एवढं काय तापायचं? इथे सगळ्यांना माहितीय ते."

"मग फिल्म कशाला करताय? ट्रेनिंग रूमची भिंत सजवायला?"

"ए, तोंड आवर," मामा म्हणाला.

तिने तोंड नाही, मार्कर उचलला. नव्या चित्रांत रोलरवर रंगीत पट्टी काढली: आधी नुसता रंगाचा फराटा, मग तुटक तुटक, मग एका जागी स्थिर. प्रत्येक चित्रात माणसाचे हात पाठीमागे. त्यानंतर तो चालू करायचं बटण दाबून बघतो, मशीन ढिम्म हलत नाही, आणि मगच जाळी उघडतो. रागाने मार्करचं टोक पार चेमटलं.

नवी चित्रं पहिल्यांदाच बघणारं कोणी हवं, म्हणून या वेळी लोडिंगमधले काका आले. त्यांची भाषा खोलीत कोणालाच येत नव्हती. त्यांनी स्विच बंद केला, कुलूप लावलं, हात पाठीमागे बांधले. उभेच राहिले. मॅनेजरांनी घड्याळाकडे पाहिलं. काका अजून उभेच. मग चित्रातल्या स्थिर पट्टीवर नजर टेकवून त्यांनी मान हलवली, बटण दाबून बघितलं आणि जाळीकडे वळले.

"फार लांबतंय हो," मॅनेजर म्हणाले.

मामाने पॅकिंगमधल्या बाईंच्या हाताकडे पाहिलं. त्या मघाशी आत घातलेला तोच हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून बसल्या होत्या.

"लांबू दे," तो म्हणाला. "यातलं काही कापायचं असेल तर दुसरा स्टुडिओ बघा."

मॅनेजरांनी तोंड वाकडं करत चित्रांच्या मंजुरीवर सही केली.

जिन्यात मामा म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"मी विचारलं नसतं तर?"

चित्रांची फाईल धरायला मामाने हात पुढे केला. तिने ती दिली नाही.