नळाची जाळी

रशीदाखालाचा जीव थाऱ्यावर नसला की त्यांचे हात घासणीकडे वळायचे. त्या सकाळीही तसंच झालं. खाली दारात टेम्पो उभा होता, वैजयंतीचं सामान चढत होतं, आणि वर खाला ओट्यावरचा भांड्यांचा स्टँड उचलून मोरीत आणून आपटत होत्या.

वैजयंतीला जायला त्यांनीच सांगितलं होतं. मंद्रूपची ही मुलगी चार वर्षं खालच्या खोल्यांत भाड्यानं राहत होती, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होती, आणि खालांना पोटच्या पोरीसारखी होती. पण घराला टाकी एकच, गच्चीवर. आणि सोलापुरात पाणी येणार पाचव्या दिवशी, कधी सहाव्या. गेला दीड महिना खालांच्या स्वयंपाकघराचा नळ रडत होता. आधी धार बारीक झाली, मग दोरा झाला, मग तर तांब्या भरेपर्यंत भाजी करपायला लागली. नळ रडतोय म्हणजे टाकी तळाला गेली, हे इथल्या माणसाच्या हाडात इतकं मुरलंय की दुसरी शंका येतच नाही. टाकीत डोकवायचं तर लोखंडी शिडी चढावी लागते, आणि खालांचा गुडघा दोन पायऱ्यांतच हात जोडतो. न्हाणीघरात त्या पाण्याच्या दिवशी भरलेलं पिंप वापरायच्या, त्यामुळे नळ असा हा एकच. मग पाणी जातंय कुठं? खाली! दुसरं कुठं जाणार?

"रोज चादरी धुतीस का गं? टाकी काय एकटीची हाय का?" असं तीन आठवड्यांपूर्वी त्या जिन्यातून ओरडल्या होत्या. वैजयंती म्हणाली, "न्हाय हो खाला, मी जपूनच वापरते की." खालांना ते उलट उत्तर वाटलं. शब्दाला शब्द वाढला आणि रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं, की दुसरी खोली बघ. पोरगी मानी. तिनं बघितली.

आता खाला स्टँड घासत होत्या. खालचा ट्रे उपसला तर त्यात आठवडाभराचं निथळलेलं पाणी साचून बुळबुळीत झालेलं, वासही मारत होता. पिंपातलं पाणी तापवून त्यांनी ट्रेवर ओतलं, साबण लावून ब्रशनं कोपरे खरवडले, तारांच्या सांध्यांतला पांढरा क्षार लिंबाच्या सालीनं चोळला आणि स्टँड गच्चीच्या दारात उन्हाला ठेवला. खालून पलंग चढवल्याचा आवाज आला. खालांनी मोर्चा नळाच्या बुडाकडे वळवला.

नळाचं बूड म्हणजे तर विचारू नका. पुढून चकचकीत, आणि मागं, जिथं फडकं पोचत नाही, तिथं काळपट शेवाळ. बोट लावलं तर सटकतंय. खालांनी खाण्याच्या सोड्यात चार थेंब पाणी घालून लेप केला, जुन्या टूथब्रशनं बुडाभोवती घासला, मग ओढणीची एक चिंधी नळामागून घेऊन दोन्ही टोकं धरून पुढं-मागं ओढली. चिंधी काळी, नळ पांढरा. जरा बरं वाटलं.

ब्रश वर नेत त्या नळाच्या तोंडाशी आल्या. तिथल्या गोल जाळीवर चुन्याचे खडे धरलेले होते. ब्रशला ते दाद देईनात. खाला इरेला पेटल्या. मोरीच्या भोकावर ताटली पालथी घातली, जाळीच्या कड्याला फडकं गुंडाळलं, पकड लावली आणि पिळलं. कड्यानं आधी कुरकुर केली, मग सोडलं. जाळी हातात आली. आत वाळूची कच, क्षाराचे पापुद्रे, काय काय भरलेलं. आरपार उजेड दिसेना.

खालांनी वाटीत व्हिनेगर ओतलं, जाळी त्यात टाकली. बारीक बुडबुडे उठायला लागले. मग हात धुवावा म्हणून त्यांनी नेहमीसारखा नळ पूर्ण फिरवला.

पाणी असं आलं की मोरीतली ताटली खणखणली. खालांची कुडती, ओढणी, चष्मा, सगळं भिजलं. दीड महिना दोऱ्यासारखा गळणारा नळ बंबासारखा सुटला होता. त्यांनी नळ बंद केला. पुन्हा उघडला. पुन्हा तेच. टाकीत पाणी होतं! भरपूर होतं!

"या अल्ला," खाला म्हणाल्या, आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मग वाटी उचलली आणि गुडघ्याला न विचारता जिना उतरल्या.

टेम्पोवाला ईरप्पा दोर आवळत होता. "थांब रे बाबा!" म्हणत खाला आत शिरल्या. रिकाम्या खोलीत वैजयंती शेवटची पिशवी बांधत होती. तिनं ओल्याचिंब खालांकडे बघितलं.

"खाला, काय झालं हो? पडलासा का?"

"पडले की. तोंडावर पडले." खालांनी वाटी पुढं केली. "ही बघ. माझ्या नळाची जाळी. हिच्यात कचरा अडकला हुता. टाकीत पाणी हाय, लई हाय. आनि मी तुला बोलले."

वैजयंती वाटीतले बुडबुडे बघत राहिली. खालांची नजर तिच्या मागं गेली. भिंतीशी प्लास्टिकचे सात कॅन ओळीनं उभे होते. आणि स्वयंपाकघराच्या नळाला फडकं करकचून बांधलेलं होतं.

"हे काय गं?"

"पलीकडच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी," वैजयंती हळूच म्हणाली. "तुमी म्हणलासा वर नळाला पाणी येत न्हाय. म्हणून मी खालचा नळ उघडायचाच बंद केला. हात चुकून जाऊ नये म्हणून बांधला."

"कदीपासनं?"

"तीन आठवडे झाले."

तीन आठवडे ही पोरगी कॉलेजातून येऊन कॅन वाहत होती, आणि तेव्हाही वर नळ रडला की खाला तिलाच बोल लावत होत्या. खालांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं, ते ओल्या ओढणीनं पुसायला गेल्या तर आणखीच भिजल्या. ते बघून वैजयंतीला हसू फुटलं. ती रडतही होती आणि हसतही होती.

"चूक माझी हाय," खाला म्हणाल्या. "तू जाऊ नको. जायचंच असलं तर मी अडवत न्हाय, पण रागात जाऊ नको."

वैजयंतीनं पिशवीची गाठ धरली, सोडली, पुन्हा धरली.

दारातून ईरप्पानं डोकं आत घातलं. "अक्का, निघायचं का? का उतरवायचं?"

"उतरवा," वैजयंती म्हणाली.

ईरप्पा कपाळाला हात लावून गेला. खाला त्या बांधलेल्या नळाकडे गेल्या. गाठ तीन आठवड्यांत घट्ट बसली होती. दोघींनी मिळून, नखं लावून ती सोडवली. खालांनी नळ उघडला. धार जोरात आली. त्यांनी हात खाली धरला आणि तसाच धरून ठेवला, पाणी मोरीत वाहत राहिलं तरी बंद करायचं नाव काढीनात.

वैजयंतीनं हात पुढं करून नळ बंद केला.

"खाला," ती म्हणाली, "पाणी वाया जातंय की."