सासूबाईंच्या पट्ट्याची झोप

सासूबाईंच्या मनगटावरचा तो पावलं मोजणारा पट्टा सुनेनंच घेतलेला. "गुडघे धरलेत तुमचे, जरा चालत जा," असं म्हणून तिनं तो स्वतःच्या हातानं बांधला, खातंही स्वतःच्याच फोनवर उघडलं. नवरा तेव्हाच हसला होता, "आई, सांभाळ हं, हवालदारीणबाईंनी बेडी घातली तुला!"

हसण्यावारी नेलं, पण तो फार चुकला नव्हता. मूल सव्वा वर्षाचं, ती दिवसभर लेबलं छापणाऱ्या कंपनीत मजकूर तपासत बसलेली, आणि मनात एकच किडा: दुपारी आजीचा डोळा लागला आणि पोरगं गॅलरीत गेलं तर?

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं ॲपमधून पट्ट्याच्या सगळ्या नोंदींची फाइल काढली आणि ऑफिसात सगळे वापरतात त्या एआय मदतनिसाला चढवली. प्रश्नाच्या चौकटीत बोट अडलं. सासू झोपा काढते का हो? असं लिहायचं तरी कसं? जनाची नाही तर मनाची. तिनं काहीच न लिहिता फाइल पाठवून दिली.

उत्तर आलं.

"तुम्ही प्रश्न लिहिलेला नाही, म्हणून नोंदींत जे दिसतं तेवढंच मांडतो. सुरुवातीला पावलं कमी आणि एकसारखी आहेत. मग एका सोमवारपासून ती एकदम वाढली आहेत, दिवसभर छोट्या छोट्या धावांसारखी. त्याच दिवसापासून नाडीचे ठोकेही आधीपेक्षा बरेच वरच्या पातळीवर आहेत. रात्रीची नोंद नाही. गेल्या तीन आठवड्यांत दुपारची झोप नव्यानं दिसते. ती रोज साधारण एकाच वेळी सुरू होते आणि आठवड्यागणिक लांबत गेली आहे. शनिवार-रविवारी ती नाही, आणि त्या दोन दिवशी पावलं व ठोकेही सुरुवातीसारखेच आहेत. झोपेनंतरची पावलं कमी होत चालली आहेत. पट्टा सैल असला किंवा दुसऱ्या कुणी घातला, तरी आकडे असे बदलू शकतात. फाइलवरून ते ठरवता येत नाही. तब्येतीबद्दलचा निष्कर्ष मी यातून काढत नाही. तुम्हाला यात नेमकं काय पाहायचं आहे?"

आधी तिला बरंच वाटलं. सापडल्या! झोपतातच! मग तिनं मजकूर तपासायच्या सवयीनं पुन्हा एकेक ओळ वाचली. शनिवार-रविवारी नाही. म्हणजे मी घरी असते तेव्हा नाही. आणि धावा? ज्या बाई जिन्याच्या चार पायऱ्या चढताना कठड्याला मिठी मारतात, त्या दिवसभर धावतात?

दुसऱ्या कुणी घातला.

"बरं नाही वाटत" एवढंच साहेबांना सांगून तिनं पर्स उचलली. रिक्षात तिनं घरी तीनदा फोन लावला. उचलला नाही.

दार सासूबाईंनीच उघडलं. टक्क जाग्या, हातात विणकाम.

"अगंबाई, एवढ्यात? फोन आवाज बंद करून ठेवलाय, बाळ झोपलंय."

"आई, पट्टा कुठंय?"

सासूबाई ओशाळून हसल्या. "रागावू नकोस हं. पावलं कमी पडली की तू संध्याकाळी तोंड पाडायचीस. म्हटलं, मी बसते, हा पळतो. बांधा याच्याच पायाला! दोघंही खूश. तू घरी असलीस की घालायचे मी हाताला. तुला कुठून कळलं?"

बाळ पाळण्यात उताणं पडलं होतं. घोट्याला पट्टा, आत रुमालाची घडी. तिनं हाक मारली, गाल थोपटला, तळव्याला टिचकी मारली. श्वास चालू होता. पापणी मात्र हलली नाही.

"कशाला उठवतेस? चारपर्यंत हलायचा नाही आता."

"का नाही हलायचा?"

सासूबाईंची सुई थांबली.

कोपऱ्यावरच्या मुलांच्या डॉक्टरांकडे ती त्याला छातीशी धरून पळत गेली, मागे सासूबाई गुडघा धरून. डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली आणि वर न बघता विचारलं, "काय दिलंय याला?"

"सर्दीचं औषध," सासूबाई म्हणाल्या. "त्याचंच आहे हो, मागे तुम्हीच दिलेलं. थोडी गुंगी येते एवढंच. गॅलरीच्या कठड्यावर चढतो, डॉक्टर. माझे पाय धावत नाहीत त्याच्यामागं."

"किती दिवस?"

"तीन आठवडे झाले असतील."

"आज किती दिलं?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. आजवर त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"झाकणभर. रोजच्यासारखं." मग आवाज खाली गेला. "झोपेना म्हणून आणखी एकदा. मग... थुंकला असं वाटलं, म्हणून परत."

डॉक्टरांनी बाळाला तिच्या हातातून काढून घेतलं आणि बाहेर बसलेल्या नर्सला ओरडून सांगितलं, "मोठ्या हॉस्पिटलला फोन लाव. आधी ॲम्ब्युलन्स."