बुधवारी दीडला

केडगावात पुणे रस्त्याला लागून स्नेहलचं विमान तिकिटांचं ऑफिस होतं. एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या. पंचक्रोशीतली परदेशी गेलेली निम्मी पोरं तिच्याच हातून विमानात बसली होती, आणि आता त्यांचे आईबाप बसू लागले होते. त्या म्हाताऱ्यांसाठी तिनं एक पद्धत पाडली होती. तिकिटावर उतरायची वेळ तिकडच्या घड्याळाची छापलेली असते. मागे राहिलेल्या माणसाला तिचा काय उपयोग? त्याला घरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगायचं असतं, की आता उतरली असेल. म्हणून स्नेहल ती वेळ आपल्या वेळेत बदलून फोनवर बोलून पाठवायची. लोक तिला दुवा द्यायचे आणि तीही मनातून थोडी फुशारायची.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास रंगनाथकाका आत आले. श्रीगोंद्याकडचे ऊसवाले, शब्दाला पक्के आणि मोबाईलला कच्चे. बायकोला, मनकर्णाकाकूंना, अमेरिकेतल्या मुलाकडे जायला मुंबईला विमानात बसवून ते येष्टीनं परतत होते, वाटेत सांगायला म्हणून उतरले.

"बसली बरं का मॅडम पहाटं. चाकाची खुर्ची दिली, रानीवानी नेलं तिला." काका खुर्चीत टेकले. "रव्यालाबी कळवलं. तो म्हनला, बुधवारची सुट्टी टाकलीय, बरोबर दीडला दारात हुबा ऱ्हातो."

स्नेहलनं पाण्याचा ग्लास पुढे केला होता, तो तिच्या हातातच राहिला.

"काका, तुम्ही रविराजला काय सांगितलंत? शब्द न् शब्द सांगा."

"तुमी बोलून धाडलं तेच की. बुधवारी दीडला उतरंल."

काकूंचं आधीचं विमान सोमवारी रद्द झालं होतं. धावपळीत तिनं मंगळवार पहाटेचं दुसरं काढलं, दुबईवरून सिॲटलला जाणारं. तिकीट काकांच्या मोबाईलवर टाकलं आणि वर नेहमीप्रमाणे आवाज भरून पाठवला: बुधवारी पहाटे दीडला काकू उतरतील. आपल्या वेळेनं, हे शब्द तिनं म्हटलेच नव्हते. तिच्याकडून येणारी वेळ आपलीच असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं ना! सगळ्यांना, फक्त रविराजला नव्हतं. तिकीट काही काकांना पुढे पाठवता आलं नाही, वेळ तेवढी तोंडी पुढे गेली, आणि त्यातलं 'पहाटे'ही वाटेत गळून पडलं.

तिनं तिकीट उघडलं. उतरायची वेळ: मंगळवार, दुपारी एक. तिकडची.

तरी तिनं पुन्हा हिशोब केला, कारण आता तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. सिॲटल आपल्या मागे. साडेबारा तास की साडेतेरा? हिवाळ्यात तिथली घड्याळं तासभर मागे घेतात, मग साडेतेरा होतात. पण ते नोव्हेंबरात. अजून ऑक्टोबर चालू होता, म्हणजे साडेबारा. मंगळवार दुपारच्या एकमध्ये साडेबारा मिळवले की आपले बुधवारचे पहाटेचे दीड. हिशोब चोख होता. न्यायला येणारा माणूस मात्र एक दिवस उशिरा पोचणार होता.

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "काकू आजच उतरणार आहेत. तिकडच्या आजच्या दुपारी."

काकांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते उठून उभे राहिले, आणि कुठं जायचं ते न सुचून तसेच उभे राहिले.

"तिला इंग्रजी येत न्हाई. तिचा फोन तिकडं चालनार न्हाई. मॅडम, ती इन्सुलिनवर हाय."

स्नेहलला हे सगळं ठाऊक होतं. चाकाच्या खुर्चीच्या अर्जात तिनंच लिहिलं होतं. न्यायला कोण येणार, असं तिथला अधिकारी विचारणार, काकू रविराजचा नंबर पुढे करणार, आणि तो लागणार नाही. त्यापुढचं तिला बघवेना.

तिनं रविराजला फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते, पोरगं गाढ झोपलेलं.

"उठल्यावर लागेल," ती म्हणाली.

"उठल्यावर तो डोंगरात जातोय." काका म्हणाले. "सफरचंदाची तोडनी चाललीय त्यांची. म्हनला, मंगळवारी लांबच्या बागंत हाय, पाचला निघतो, दिवसभर फोन लागनार न्हाई, काळजी करू नका."

तिकडचे पाच म्हणजे इथले साडेपाच. त्याच्या आत तो सापडला तर सापडला. विमानतळ त्याच्या गावापासून तीन तासांवर, वेळ भरपूर होता. पण त्याला कळलं तरच ना.

विमान कंपनीला फोन केला. बराच वेळ गाणं ऐकवून एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं, विनंती नोंदवली आहे. कुठं नोंदवली, कोण वाचणार, ते तिलाही माहीत नव्हतं. स्नेहलनं मेसेज टाकले, ते न वाचलेलेच राहिले. काका आपल्या फोनवरून लावत होते, ती तिच्या फोनवरून. एकाची घंटा थांबली की दुसऱ्याची सुरू. बाहेर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते आणि तिला त्या गाण्यांचाही राग येत होता. कुणाच्या आईला आपण असं अधांतरी लटकवून ठेवलं, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता.

साडेपाच वाजून गेले. काका खाली मान घालून बसले. "मीच नीट इचारायला हवं हुतं," ते म्हणाले. ते खोटं होतं, आणि खरं बोलायचं तिच्यात बळ नव्हतं. ती फक्त नंबर दाबत राहिली.

आणि फोन उचलला गेला. मागे गाडीचा आवाज होता.

"मॅडम? इतके कॉल? बाबा बरे आहेत ना? लवकर बोला, घाट लागलाय, रेंज जाईल."

तिला घाईनं काहीही बोलून चालणार नव्हतं. एकदा चुकीचं ऐकलं गेलं होतं, दुसऱ्यांदा जागा नव्हती.

"रविराज, तुमच्याकडे आज मंगळवार आहे ना? आई आज येताहेत. आज, मंगळवारी, तुमच्या घड्याळात दुपारी एकला. सिॲटल. उद्या नाही. काय ऐकलंत ते परत म्हणा."

"आज मंग—" आणि फोन तुटला.

त्यानंतर तो लागलाच नाही.

ऐकलं की नाही? अर्धं ऐकलं? काकांना तिनं घरी जाऊ दिलं नाही, आपल्याच घरी नेलं. दोघांनी ताटात वाढलेलं तसंच ठेवलं. तिच्या नवऱ्यानं, सुनीलनं, दोनदा विचारलं आणि मग ताटं झाकून ठेवली. पुढच्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ती संपता संपत नव्हती, एवढंच.

उजाडल्यावर काकांचा फोन वाजला. त्यांनी तो उचललाच नाही, स्नेहलपुढे धरला.

पडद्यावर मनकर्णाकाकू होत्या, डोक्यावरचा पदर जागच्या जागी, हातात कसलासा कागदी पेला.

"पोचले गं पोरी. काई तरास न्हाई. रव्याचा फोन बंद पडलेला, आत्ता वाटंत चालू झाला. तू सांगितल्यावानी खुर्चीवरनं हलले न्हाई. पन ह्या रव्याला काय झालंय गं? मी बाहेर आले तर हा दारातच, तोडनीच्या चिखलाच्या बुटांवर. मला बघितलं आन् एवढा मोठा गडी लोकांत रडाया लागला. मी म्हनलं, अरं, सांगितल्या येळंलाच आले की मी."

स्नेहलनं फोन काकांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर काका बायकोला सांगत होते की इकडं सगळं बरं हाय, आन् तिनं आता पोटभर जेवून घ्यावं.